ओतिलियाबाईंच्या दोन दांड्या

मी सहावीपर्यंत शिकलो, तेही गावच्या शाळेत. एक मास्तर आणि त्याचं एक खेचर, एवढीच ती शाळा. खेचर लंगडलं की सुट्टी. ते खेचर वर्षाला चारदा लंगडायचं, आणि त्यातलं निदान दोनदा आमच्या कृपेनं, पण तो किस्सा पुन्हा कधीतरी. सांगायचं एवढंच, की मी, फ्रोइलान, सहावी पास, एकतीस वर्षं इंजिनियरिंगच्या फॅकल्टीत शिपाई होतो. किल्ल्या माझ्याकडे, खडू माझ्याकडे, घंटा माझ्याकडे. इतकी वर्षं दाराबाहेर स्टूल टाकून बसलेल्या माणसाच्या कानात काहीतरी उतरतंच. माझ्या कानात एक संकलन उतरलं, ज्याला इंटिग्रेशन म्हणतात ते. अख्ख्या गणितातलं मला तेवढंच येतं, पण ते असं पक्कं येतं की झोपेतून उठवून विचारा. नातवंडं विचारतातही. आजोबा, ते नदीचं गणित सांगा. मी खुशीत सांगतो. त्या गणितापायी काय झालं ते मात्र त्यांना सांगत नाही. ते इथं लिहितो.

ते गणित ओतिलियाबाईंचं. ओतिलिया बार्रासा. ठेंगणी बाई, केस कायम मानेवर बांधलेले, आणि उजव्या बाहीला खडूचा असा थर की धोब्यानं हात जोडावेत. राहायच्या नदीपलीकडे, ला बांदात. आमचं शहर रियो दुल्सेच्या ह्या काठाला, ला बांदा त्या काठाला, मधे पूल. ह्या काठावरचे लोक त्या काठावरच्यांना काय काय बोलतात ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पलीकडचा माणूस कामाला अलीकडे येणार, अलीकडचा माणूस पलीकडे जाणार तो फार तर कुणाच्या मयताला. बाई रोज सकाळी साडेसहाच्या बसनं पूल ओलांडून यायच्या. पिशवीत वह्या आणि कागदात गुंडाळलेला चिपाको, तो चरबीचा जाडसर पाव. त्याचा अर्धा माझा. बावीस वर्षांत तो अर्धा कधी चुकला नाही.

बाई पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवायच्या, आणि बावीस वर्षं हंगामी होत्या. दर मार्चला एक कागद यायचा, "पुढील आदेशापर्यंत." तो मीच त्यांच्या हातात द्यायचो.

"काय रे, अजून पुढील आदेश आला नाही वाटतं?"

"वाटेत असेल, बाई. पुलावर अडकला असेल."

दोघंही हसायचो. तेव्हा हसू यायचं.

आता ते गणित. घाबरू नका, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. वर एक. खाली क्ष, आणि त्या क्षला गुणलेलं एक वर्गमूळ. मुळात काय, तर क्षचा वर्ग वजा एक. ह्याचं संकलन करा. मुलं वही उघडून लागलीच आकडेमोड सुरू करायची. बाई खडूनं फळ्यावर तीन टिचक्या मारायच्या. टक टक टक.

"आधी विचारा, घरात कोण राहतं?"

मग त्या फळ्यावर आडवी रेघ ओढायच्या. मधे शून्य, उजवीकडे एक, डावीकडे वजा एक. "क्ष अर्धा घेतला तर? अर्ध्याचा वर्ग पाव. पाव वजा एक म्हणजे ऋण. ऋणाचं वर्गमूळ निघतं का?"

"नाही, बाई!"

"एकावर उभं राहिलं तर? मूळ शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही. म्हणजे वजा एकपासून एकपर्यंत काय आहे?"

"पाणी, बाई!"

"नदी. ह्या काठाला एकपेक्षा मोठे, त्या काठाला वजा एकपेक्षा लहान. दोन्ही काठांवर वस्ती आहे. आणि तुम्ही शहरातली मुलं ला बांदाला विसरता."

वर्गात हशा. गणितवाले ह्याला प्रांत म्हणतात, फल, म्हणजे फंक्शन, जिथं जिथं राहू शकतं तो मुलूख. बाई नदीच म्हणायच्या. एकदा एका पोरानं वजा दोनपासून दोनपर्यंत सरळ संकलन ठोकलं आणि उत्तर शून्य काढून आणलं. बाईंनी वही बघितली, त्याच्या पॅंटकडे बघितलं. "पोहत आलास? मग कोरडा कसा?" तो पोरगा पुढे धरणं बांधायच्या खात्यात मोठा साहेब झाला. अजून भेटला की म्हणतो, काका, मी अजून कोरडाच आहे.

तर उत्तर. ह्या संकलनाचं उत्तर उलटा सेकंट. कोन दिला की सेकंट आकडा देतो, उलट्या सेकंटला आकडा दिला की तो कोन देतो. झालं एवढंच. पण उत्तर लिहिताना बाई क्षच्या दोन्ही अंगांना एकेक उभी दांडी ओढायच्या, अशी जोर लावून की खडू मोडायचा. दांड्या म्हणजे केवल मूल्य. आत ऋण आकडा आला तर त्याचं वजा चिन्ह दारातच काढून ठेवायचं. बाकी मास्तर मुलं दांड्या मारतात म्हणून ओरडायचे, आणि ह्या मुलं दांड्या घालत नाहीत म्हणून. पोरं त्यांना मागून दांडीबाई म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा हजेरीपटावर त्यांनीच दोन रेघा ओढून सही केली.

दांड्या का, तेही मला येतं. पलीकडच्या काठावर, समजा वजा दोनपासून वजा मूळ दोनपर्यंत गेलात. तिथं क्ष ऋण, मूळ धन, म्हणजे अख्खा अपूर्णांक ऋण. आलेख रेघेच्या खाली. मग उत्तर ऋणच आलं पाहिजे. दांड्या घाला. मूळ दोनचा कोन पंचेचाळीस अंश, दोनचा साठ. पंचेचाळीसातून साठ गेले, वजा पंधरा. पाय म्हणजे एकशेऐंशी अंश, म्हणून वजा पाय छेद बारा. बरोबर. दांड्या विसरलात, तर नेहमीच्या उलट्या सेकंटानं वजा मूळ दोनचा कोन एकशे पस्तीस आणि वजा दोनचा एकशे वीस. उत्तर अधिक पंधरा. आलेख खाली आणि उत्तर वर. ह्याच चुकीसाठी बाईंनी बावीस वर्षांत किती पेपरांवर लाल गोल काढले असतील ते मोजायला त्यांचीच एक विद्यार्थिनी लागेल.

पण ह्याला एक चोरवाट आहे, आणि आमची गोष्ट त्याच वाटेनं गेली.

फॅकल्टीत एक छापील पुस्तिका चालायची, इंजिनियर लिसांद्रो उगार्ते ह्यांची. उगार्तेसाहेब म्हणजे उंच, गोरे, बुटांना आरशासारखी चकाकी. पुस्तिकेच्या पान त्र्याऐंशीवर हेच संकलन होतं, आणि दांड्या नव्हत्या. मी एकदा बाईंना म्हणालो, "साहेब चुकले की हो!"

"नाही रे," बाई म्हणाल्या. "पान एक्केचाळीस बघ. बारीक अक्षरात लिहिलंय. ऋण आकड्याचा कोन ते दुसऱ्या चरणात, म्हणजे नव्वद ते एकशेऐंशीमधे, घेतच नाहीत, त्यापुढच्या तिसऱ्यात घेतात. एकशे वीसच्या जागी दोनशे चाळीस, एकशे पस्तीसच्या जागी दोनशे पंचवीस. दोन्हीचा सेकंट तोच. पण तिसऱ्या चरणात टॅंजंट धन असतो, म्हणून दांड्यांची गरज पडत नाही. दोनशे पंचवीस वजा दोनशे चाळीस?"

"वजा पंधरा."

"बघ, आलं. त्यांची रीत त्यांच्या घरात बरोबर, माझी माझ्या घरात. त्यांचं सूत्र आणि माझे कोन एकत्र केले की मेलास. पोरं नेमकं तेच करतात. सूत्र पुस्तिकेतून उचलतात आणि कोन कॅल्क्युलेटरवरून. कॅल्क्युलेटर तिसऱ्या चरणात जात नाही."

सत्त्याऐंशी साली तो पुढील आदेश खरंच आला. सगळ्या हंगामी जागा जाहीर स्पर्धेनं भरायच्या. तीन परीक्षक, अठ्ठेचाळीस तास आधी सोडतीनं विषय, मग प्रत्येक उमेदवाराचा चाळीस मिनिटांचा जाहीर पाठ. जो जिंकेल त्याला जागा कायमची. जो हरेल त्याचा मार्चचा कागद बंद. बाईंच्या जागेसाठी अर्ज दोन. एक बाईंचा, दुसरा दार्दो किरोगाचा. दार्दो बाईंचाच जुना विद्यार्थी, तीस वर्षांचा, ह्याच काठावरचा, आणि हसला की समोरच्यानं हसलंच पाहिजे असा. परीक्षकांचे अध्यक्ष उगार्तेसाहेब. दुसरे कोर्दोबाहून येणारे डॉक्टर ब्रुनेत्ती. तिसरे आमचे म्हातारे भूमापनवाले, ज्यांना मी दर परीक्षेत कोपरानं उठवायचो.

सोडत माझ्या हातची. तारेचा पिंजरा, त्यात लाकडी गोट्या. मी पिंजरा फिरवला, गोटी पडली. अकरा. यादीत अकरा काय, तर उलट्या त्रिकोणमितीय फलांकडे नेणारी संकलनं. मी पिंजऱ्यासकट नाचायचा बाकी राहिलो. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी नुसते डोळे मिटले. दार्दो म्हणाला, "बाई, हे तर तुमचंच. मी आता घरी जाऊन माटेच पितो."

"पी," बाई म्हणाल्या. "पण दांड्या घालून पी."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं शहर झोपलेलं. उत्तरेचा वारा सुटला होता, तोंडात धूळ करकरत होती. बाई रिकाम्या वर्गात पाठाचा सराव करत होत्या, मी माटे घेऊन गेलो, तो आमचा नळीनं ओढायचा कडवट चहा. फळ्यावर नदी काढलेली, उत्तराला दांड्या घातलेल्या. मी नळी त्यांच्या हातात दिली आणि ते बोललो.

"बाई, अध्यक्ष कोण आहेत ते लक्षात आहे ना?"

"मग?"

"मागं साल्टाहून आलेल्या त्या उमेदवारानं पाठात म्हटलं, काही पुस्तिकांमध्ये दांड्या सुटलेल्या दिसतात. साहेबांनी त्याला कुठं पोचवलं ठाऊक आहे ना? साहेबांच्या नाकासमोर तुम्ही दांड्या ठोकणार. त्यांना वाटेल, ही माझं पुस्तक दुरुस्त करते आहे."

"मी कुणाचं काही दुरुस्त करत नाही. माझ्या कोनांना दांड्या लागतात."

"तर त्यांचे कोन घ्या की. तुम्हीच म्हणता त्यांची रीतही बरोबर. एक दिवस त्यांच्या घरात राहा. साहेब खूश होतील. जागा मिळाली की पुढच्या दिवसापासून घाला दांड्या, भिंतीवर घाला, माझ्या टकलावर घाला."

त्या हसल्या नाहीत. माटे शेवटपर्यंत ओढली, नळीतून घुर्र आवाज येईपर्यंत. मग म्हणाल्या, "बावीस वर्षांची सवय आहे, फ्रोइलान. हात ऐकेल का?"

"दोन रेघांसाठी जागा घालवता का बाई?"

हे मी बोललो. हेच शब्द. मी सहावी पास शिपाई, आणि ज्या बाईनं मला तिसरा चरण शिकवला तिला मी राजकारण शिकवत होतो. त्या वेळी मला वाटलं, काय शहाणा आहेस तू फ्रोइलान. बाईंनी डस्टर घेतलं आणि दांड्या पुसल्या. दोन्ही. मग पान एक्केचाळीस काढलं.

पाठाच्या दिवशी पहिली पाळी बाईंची, आडनावाच्या अक्षरानं, आमच्या लिपीत बार्रासा किरोगाच्या आधी येतं. मी दाराशी घड्याळ घेऊन. बाईंनी निळा झगा घातला होता, बाही स्वच्छ. तिथंच मला कसंतरी वाटलं. टक टक टक झालं. घरात कोण राहतं झालं. नदी काढली. कोर्दोबाचे ब्रुनेत्ती खुर्चीत पुढे सरकले, वहीत काही लिहिलं. भूमापनवालेसुद्धा जागे. बाईंनी सूत्र लिहिलं, दांड्यांशिवाय. उगार्तेसाहेबांनी मान हलवली, अशी हळू, जणू स्वतःच्याच मुलाला बक्षीस मिळतंय. मी दारात बोटं आवळली. जमलं, म्हटलं.

मग बाई उदाहरणाकडे वळल्या. त्यांना अलीकडचा काठ घेता आला असता. मूळ दोनपासून दोनपर्यंत, साठ वजा पंचेचाळीस, पंधरा, संपलं. कुणी काही विचारलं नसतं. पण ओतिलियाबाई त्या. "आता पलीकडे जाऊ," म्हणाल्या. वजा दोनपासून वजा मूळ दोनपर्यंत. आणि साहेबांची मान हलताना बघून त्यांना जरा धीर आला असावा, की वेळ संपत आला म्हणून घाई झाली, मला माहीत नाही. हात आपला आपण चालू लागला. वजा मूळ दोन, हातानं लिहिलं एकशे पस्तीस. वजा दोन, हातानं लिहिलं एकशे वीस. बावीस वर्षं हेच कोन लिहिलेला हात. उत्तर, पाय छेद बारा. अधिक. त्याभोवती चौकट काढली.

मी दारातून बघत होतो. मला दिसलं. अहो, मला दिसलं! सूत्र साहेबांचं आणि कोन बाईंचे. मी खोकलो. बाईंना वाटलं वेळ झाला. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले.

ब्रुनेत्ती फार सभ्य माणूस. हळू आवाजात म्हणाले, "बाई, एकच विचारतो. ह्या टापूत आलेख रेघेच्या वर आहे की खाली?"

बाईंनी फळ्याकडे बघितलं. मी त्यांची पाठच बघत होतो, पण पाठीवरूनसुद्धा कळलं. मान जराशी आत गेली.

"खाली," त्या म्हणाल्या.

"आणि उत्तर?"

"अधिक आलंय. चूक आहे. कोन दुसऱ्या चरणातले घेतले मी. ह्या सूत्राला तिसऱ्या चरणातले लागतात. दोनशे पंचवीस वजा दोनशे चाळीस, वजा पंधरा अंश, वजा पाय छेद बारा. किंवा मग दांड्या घालायच्या."

सगळं बरोबर सांगितलं त्यांनी. एका दमात. तिथंच थांबायला हवं होतं. पण उगार्तेसाहेब हसून म्हणाले, "बाई, आमच्या पुस्तिकेत दांड्या कशाला लागतात? इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही."

"पुस्तिकेत लागत नाहीत, कारण पान एक्केचाळीसवर कोन वेगळे धरलेत. पण तिथं ते इतक्या बारीक अक्षरात आहे की मुलं सूत्र तेवढं उचलतात आणि..."

"आणि तुम्हीसुद्धा उचललंत," साहेब म्हणाले.

पाठीमागच्या बाकांवर कुणीतरी हसलं.  बाईंनी खडूचा डबा उचलला, माझ्या हातात दिला, जसा रोज द्यायच्या, आणि बाहेर गेल्या. मी आत जाऊन फळा पुसला. दार्दोच्या पाठाआधी फळा स्वच्छ हवा, नियमच तसा. चौकटीवर डस्टर फिरवताना मनात आलं, पाय छेद बाराच्या आधी एक आडवी रेघ ओढावी. एवढीशी. कुणाला काय कळणार होतं? पण सगळ्यांनी बघून झालं होतं. ती पुसलीच.

दार्दोनं गोड पाठ घेतला, खोटं कशाला बोलू. सुरुवातीलाच म्हणाला, "क्ष एकपेक्षा मोठा धरू," आणि अलीकडच्या काठावर हिंडत राहिला. साठ वजा पंचेचाळीस. पाय छेद बारा. अधिक, आणि बरोबर. बाईंचंच उत्तर, फक्त नदीच्या ह्या बाजूचं. ब्रुनेत्तींनी विचारलं, "आणि क्ष ऋण असेल तर?"

"उदाहरणात विचारलेलं नाही, डॉक्टर," दार्दो म्हणाला, तेच ते हसू हसून. "उगीच ला बांदाला कोण जातं?"

सगळे हसले. भूमापनवाले तर डोळे पुसेपर्यंत.

मी परीक्षकांना कॉफी घेऊन गेलो तेव्हा ब्रुनेत्ती खिडकीशी उभे होते. म्हणत होते, "ह्या खोलीत नदी ओलांडायची हिंमत त्या एकट्या बाईची. दुसरा काठावरच बसून राहिला."

"पण बुडाल्या त्याच," उगार्तेसाहेब म्हणाले. "फळ्यावर काय होतं ते आपण तिघांनी बघितलं. साखर दोन चमचे, फ्रोइलान."

मी दोन चमचे घातली. आणखी काय करणार होतो? ब्रुनेत्तींनी सही केली. निकालाचा कागद सूचना फलकावर मीच लावला. उमेदवार बार्रासा ह्यांच्या पाठात चिन्हाची प्राथमिक चूक, आणि ती निदर्शनास आणल्यावर विभागाच्या अभ्यास साहित्यावर ढकलण्याचा प्रयत्न. चार टाचण्या लागल्या. एक वाकली, ती बदलली.

मार्चमध्ये बाईंच्या नावाचा कागद आला नाही. हजेरीपट दार्दोला नेऊन दिला तेव्हा त्यानं पहिलं पान उघडलं, ती दोन रेघांची सही बघितली आणि विचारलं, "हे काय, काका?"

"बाईंची सही आहे."

"गमतीशीर होत्या नाही बाई," तो म्हणाला. वाईट मुलगा नव्हता हो. त्यानंच बाईंना निरोपाची फुलं पाठवली होती. बाईंनी ती पुलाजवळच्या फुलवाल्याला परत विकून टाकली, असं बसच्या कंडक्टरनं मला सांगितलं. कितीला विकली, हेही तो सांगत होता, मी थांबवलं.

बाई पुढं लोरेतोच्या एका शाळेत लागल्या. तिथं संकलन नव्हतंच, त्रैराशिक आणि टक्केवारी. रोज दीड तास बस, पूल तोच, पण बाई आता शहरात न उतरता पुढं जायच्या. मी सुट्टीत पलीकडे जायचो, चिपाको घेऊन, आता अर्धा मी द्यायचो. अंगणात बसायचो. बाई शाळेतले किस्से सांगायच्या, मी फॅकल्टीतले. मी खूप बोलायचो. पिंजरा, गोटी, मान हलवणारे साहेब, ह्यातला एकही शब्द न येऊ देता तासभर बोलायचं म्हणजे सोपं काम नाही, पण मला ते जमतं. बाईंनी मला कधी म्हटलं नाही, तुझ्यामुळं झालं. एकदाही नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी तयार होतो, उत्तरही ठरवून ठेवलं होतं.

सहा वर्षांनी फॅकल्टीत नव्या पुस्तिकांचे गठ्ठे आले. सुधारित आवृत्ती. मी दोरी कापली, आणि सवयीनं पान शोधलं. संकलन आता एकोणनव्वदवर होतं. आणि क्षच्या दोन्ही अंगांना उभ्या दांड्या! कोनही दुसऱ्या चरणातले घेतलेले. खाली चौकटीत नदीचं चित्र. नदी म्हटलेलं नव्हतं, पण दोन काठ आणि मधे रेघारेघा. आणि उदाहरण, वजा दोनपासून वजा मूळ दोनपर्यंत. "विद्यार्थी येथे वारंवार चूक करतात, म्हणून दक्षता घ्यावी." प्रस्तावनेत साहेबांनी विभागप्रमुखांचे आभार मानले होते, छापखान्याचे मानले होते, दार्दो किरोगा ह्यांच्या मौलिक सूचनांचे मानले होते. बाईंचं नाव मी दोनदा शोधलं. सहावी पास असलो तरी नाव वाचता येतं मला.

रविवारी पुस्तिका घेऊन पूल ओलांडला. दाखवावी की नाही ते बसमध्ये ठरत नव्हतं. बाईंनी पिशवीतून कोपरा बघितला आणि हात पुढे केला.

चष्मा लावला. पान एकोणनव्वद त्यांनी बराच वेळ बघितलं. मी माटे भरत होतो, पाणी सांडत होतो. मग त्यांनी झग्याच्या खिशातून लाल पेन्सिल काढली. शाळेतल्या बाईच्या खिशात ती रविवारीही असते. उदाहरणाच्या एकेका ओळीवरून पेन्सिल फिरवली, न टेकवता. शेवटच्या ओळीवर थांबल्या आणि पुस्तिका माझ्याकडे वळवली, अंगठ्यानं उत्तर झाकून.

"आलेख?"

मी उठून उभा राहिलो. का, माहीत नाही. "खाली, बाई."

"मूळ दोनचा?"

"पंचेचाळीस."

"दोनचा?"

"साठ."

"चिन्ह?"

"वजा, बाई."  "वजा. बाई, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"बरोबर," त्या म्हणाल्या. अंगठा काढला, छापलेल्या उत्तरापुढे छोटीशी लाल खूण केली, जशी कुठल्याही मुलाच्या पेपरवर केली असती, आणि पुस्तिका मिटून मला परत दिली. "बस आता खाली. माटे गार झाली."